बोअरच्या पाण्यातलं फ्लोराइड आणि सक्रिय अल्युमिना: एका घराचा पूर्ण हिशेब

पिण्याच्या पाण्यावरच्या निबंधात फ्लोराइडचा मुद्दा आला, की तो बहुतेक वेळा एका वाक्यात उरकलेला दिसतो: ‘सक्रिय अल्युमिनाच्या थरातून पाणी सोडलं की फ्लोराइड निघून जातं.’ वाक्य चुकीचं नाही, पण त्यातून वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. अल्युमिना किती घ्यायचा? किती लिटर पाण्यानंतर तो थकतो? थकला हे कळणार कसं, आणि नंतर त्याचं करायचं काय? या प्रश्नांची उत्तरं आली तरच निबंध पाण्याबद्दल काही सांगतो. म्हणून इथे एक घर धरून सुरुवातीपासून शेवटपर्यंत जाऊ. निबंध लिहिणाऱ्याला त्यातून मांडणी मिळेल आणि गावात प्रत्यक्ष फिल्टर बसवू पाहणाऱ्याला आकडे मिळतील.

घर नांदेड जिल्ह्यातल्या किनवट तालुक्यातलं धरू. नांदेडचा बराच भाग काळ्या बेसाल्ट खडकावर आहे, पण किनवटच्या बाजूला ग्रॅनाइट लागतो. ग्रॅनाइटसारख्या खडकांतल्या अभ्रक, ॲपेटाइट, फ्लोराइट या खनिजांमधून फ्लोराइड हळूहळू पाण्यात उतरतं. पाणी खडकाच्या भेगांत जितकं जास्त काळ मुरलेलं, तितकं ते वाढतं. म्हणूनच एकाच गावात उथळ विहिरीचं पाणी चांगलं आणि खोल बोअरचं खराब, असं अनेकदा आढळतं. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर ते फ्लोराइडला धरून खाली बसवतं. पण कॅल्शियम कमी आणि सोडियम-बायकार्बोनेट जास्त असेल, तर फ्लोराइडला अडवणारं कोणी उरत नाही. साबणाला छान फेस येणारं ‘हलकं’ पाणी गावात चांगलं समजलं जातं, पण ग्रॅनाइटच्या भागात त्याच पाण्याची तपासणी आधी करावी.

आधी पाणी तपासून घ्या

भारतीय मानक आयएस 10500 नुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत असावं. दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत चालवून घेतलं जातं. त्यापुढे लहान मुलांच्या दातांवर पांढुरके-तपकिरी डाग दिसू लागतात, आणि बरंच जास्त फ्लोराइड वर्षानुवर्षं पोटात गेलं तर सांधे आणि पाठीचा कणा आखडतो. पाणी उकळून उपयोग होत नाही. वाफ उडून जाते, फ्लोराइड भांड्यात राहतं, म्हणजे उकळलेल्या पाण्यात ते उलट थोडं वाढतं.

नमुना प्लास्टिकच्या स्वच्छ बाटलीत घ्या, काचेच्या नको, कारण फ्लोराइड काचेशी अभिक्रिया करू शकतं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत तपासणी होते. पण फक्त फ्लोराइडचा आकडा घेऊन परत येऊ नका. पीएच, क्षारता, कठीणपणा आणि लोह हेही विचारा, कारण अल्युमिना किती दिवस टिकणार ते या चार गोष्टींवर ठरतं.

आपल्या उदाहरणातल्या बोअरचं पाणी असं धरू: फ्लोराइड लिटरमागे 4 मिलिग्रॅम, पीएच 7.8, क्षारता बरीच, लोह नगण्य. घरात पाच माणसं. पिण्याला आणि स्वयंपाकाला मिळून दिवसाला 20 लिटर पाणी लागतं. आंघोळ, धुणं, गुरांचं पाणी या हिशेबात धरायचं नाही. फ्लोराइड त्वचेतून अंगात जात नाही, आणि सगळंच पाणी शुद्ध करायला निघालं तर कुठल्याच घराला ते परवडणार नाही.

दाण्याच्या पृष्ठभागावर काय घडतं

सक्रिय अल्युमिना म्हणजे ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड ठरावीक तापमानाला भाजून, त्यातलं पाणी घालवून केलेले पांढरे दाणे. पाणी निघून गेलेल्या जागी दाण्याच्या आत असंख्य सूक्ष्म छिद्रं उरतात. त्यामुळे एका ग्रॅम दाण्याचा आतला पृष्ठभाग दोनशे चौरस मीटरच्या घरात जातो. फ्लोराइड दाण्यात मुरत नाही, या पृष्ठभागावर येऊन चिकटतं. याला अधिशोषण म्हणतात. छिद्रं इतकी बारीक असली तरी काम गाळण्याचं नाही. फ्लोराइडचा आयन छिद्रातून सहज पार होईल एवढा लहान असतो. तो थांबतो तो रासायनिक ओढीमुळे.

पृष्ठभागावर ॲल्युमिनियमला जोडलेले हायड्रॉक्सिल गट असतात. पाणी किंचित आम्लधर्मी असेल तर या गटांवर हायड्रोजन आयन बसतो आणि पृष्ठभाग धनभारित होतो. ऋणभारित फ्लोराइड तिकडे ओढलं जातं, गटातलं पाणी बाहेर पडतं आणि त्या जागी फ्लोराइड बसतं:

```
≡Al–OH + H⁺ → ≡Al–OH₂⁺
≡Al–OH₂⁺ + F⁻ → ≡Al–F + H₂O
```

निबंधात ही दोन समीकरणं पुरेशी आहेत, आणि पुढचं सगळं त्यांतूनच उलगडतं. पहिल्या समीकरणाला हायड्रोजन आयन लागतो, म्हणजे पीएच जितका कमी तितकं काम चांगलं. अल्युमिनाची सगळ्यात मोठी क्षमता पीएच 5.5 च्या आसपास मिळते. पीएच 8 ते 9 च्या दरम्यान पृष्ठभागावरचा धनभार संपतो, आणि त्याच्या वर हायड्रॉक्साइड आयनच फ्लोराइडला हुसकावून जागा घेतो. पाण्यातले सिलिकेट, बायकार्बोनेट आणि, असल्यास, आर्सेनिक हेही त्याच जागांसाठी भांडतात. क्लोराइडचा मात्र फारसा अडथळा होत नाही, त्यामुळे पाणी थोडं खारं असलं तरी चालतं.

मग पाण्यात आम्ल घालून पीएच 5.5 वर का आणू नये? मोठ्या जलशुद्धीकरण केंद्रात तसं करतात, आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याचा पीएच पुन्हा वर चढवतात. तिथे मीटर असतो, माणूस नेमलेला असतो. घरी रोज पिण्याच्या पाण्यात आम्ल मोजून घालायला सांगणं मला अजिबात मान्य नाही. एक दिवस हात सैल पडला आणि पीएच 5 च्या खाली गेला, तर अल्युमिना स्वतःच विरघळू लागतो आणि पाण्यात ॲल्युमिनियम उतरतं. ॲल्युमिनियमची मानकातली मर्यादा लिटरमागे 0.03 मिलिग्रॅम, आणि दुसरा स्रोत नसेल तर 0.2 आहे. घरात पाणी आहे त्या पीएचला वापरावं आणि अल्युमिनाची क्षमता कमी मिळेल हे आधीच हिशेबात धरावं.

किती अल्युमिना, किती दिवस

पीएच 7.5 ते 8.5 च्या भूजलात एक ग्रॅम अल्युमिना साधारण 1 ते 2 मिलिग्रॅम फ्लोराइड धरतो. आपण 1.5 घेऊ.

फिल्टरमध्ये 3 किलो अल्युमिना भरला, तर एका फेरीत तो 3000 × 1.5, म्हणजे 4500 मिलिग्रॅम फ्लोराइड धरेल. आत येणाऱ्या पाण्यात लिटरमागे 4 मिलिग्रॅम आहे. बाहेर पडणाऱ्या पाण्यात सुरुवातीला फ्लोराइड अगदी थोडं असतं आणि शेवटी वाढतं, म्हणून फेरीची सरासरी 0.5 धरू. प्रत्येक लिटरमागे 3.5 मिलिग्रॅम निघालं. रोजच्या 20 लिटरमागे 70 मिलिग्रॅम. 4500 भागिले 70 म्हणजे 64 दिवस, आणि तेवढ्या दिवसांत सुमारे 1285 लिटर पाणी. थोडक्यात, या घराला दर दोन महिन्यांनी अल्युमिना धुऊन पुन्हा ताजा करावा लागेल. फ्लोराइड 8 असतं तर तोच थर जेमतेम महिनाभर टिकला असता.

कॉलेजच्या प्रकल्पांत इथे एक चूक फार दिसते. ऊर्ध्वपातित पाण्यात सोडियम फ्लोराइड घालून, पीएच 5.5 ला चोवीस तास ढवळून प्रयोग केलेला असतो. त्यातून आलेली मोठी क्षमता थेट गावच्या फिल्टरला लावली जाते, आणि कागदावर फिल्टर वर्षभर चालतो. प्रयोग करायचाच असेल तर त्याच बोअरचं पाणी घ्या. पाच प्लास्टिकच्या बाटल्यांत एकेक लिटर पाणी भरा, त्यांत 0.5, 1, 2, 4 आणि 8 ग्रॅम अल्युमिना टाका, दिवसभर हलवत ठेवा आणि मग उरलेलं फ्लोराइड मोजा. समजा 1 ग्रॅमच्या बाटलीत फ्लोराइड 4 वरून 2.4 वर आलं, तर त्या स्थितीत क्षमता ग्रॅमला 1.6 मिलिग्रॅम झाली. हा आकडा लहान दिसला तरी तो खरा आहे, आणि तोच वापरा.

भांडं आणि प्रवाह

घरगुती फिल्टर दिसायला कँडलच्या दोन मजली फिल्टरसारखाच असतो: वर अल्युमिनाचं भांडं, खाली तोटीचं भांडं. आयआयटी कानपूरने युनिसेफच्या साहाय्याने अशा घरगुती फिल्टरवर बरंच काम केलं आहे.

अल्युमिनाच्या दाण्यांचा एक लिटर ढीग साधारण 0.8 किलो भरतो, म्हणून 3 किलोला 3.75 लिटर जागा लागते. नळकांड्याचा आतला व्यास 17 सेंटिमीटर घेतला तर थराची उंची साडेसोळा सेंटिमीटरच्या आसपास येते. भांडं रुंद आणि थर पातळ असं करू नका. अशा थरात पाणी एखादी सोपी वाट शोधतं आणि बाकीचा अल्युमिना कोराच राहतो.

दाणे 0.4 ते 1.2 मिलिमीटरचे असावेत. कोरड्या दाण्यांवर पहिल्यांदा पाणी ओतलं की बारीक बुडबुडे सळसळत वर येतात आणि हाताला चक्क ऊब लागते. छिद्रांतली हवा बाहेर पडत असते आणि पृष्ठभाग पाणी ओढून घेत असतो. पाणी दुधासारखं गढूळही होतं. दाणे रात्रभर भिजू द्यावेत, ते पाणी फेकावं आणि नितळ पाणी येईपर्यंत दाणे खळबळून धुवावेत. ही भुकटी तशीच राहिली तर पुढे थर तुंबतो आणि प्यायच्या पाण्यात ॲल्युमिनियमही येतं. थरावर भोकांची एक चकती ठेवा, म्हणजे वरून ओतलेल्या पाण्याने खड्डा पडणार नाही.

पाणी तासाला 10 लिटरहून वेगाने जाऊ नये. त्या वेगाने 3.75 लिटरच्या थराला रिकाम्या भांड्याच्या हिशेबाने सुमारे 22 मिनिटं मिळतात. मोठ्या केंद्रांत याहून कमी वेळात काम भागतं, पण तिथे पीएच सोयीचा केलेला असतो. घरच्या फिल्टरला ही ढील हवीच, कारण फ्लोराइडला दाण्याच्या आतल्या छिद्रांपर्यंत पोहोचायला वेळ लागतो. वेग तपासायला मीटर लागत नाही. धारेखाली 200 मिलिलिटरचा पेला धरा. तो भरायला सव्वा मिनिट लागलं तर ठीक. अर्ध्या मिनिटात भरला तर थरात वाट पडली आहे किंवा खालचं छिद्र मोठं झालं आहे. तीन-चार मिनिटं लागली तर गाळ किंवा लोहाने थर तुंबला आहे, आणि तो वर-खाली ढवळून धुवायला हवा.

थकलेला अल्युमिना ओळखायचा कसा

या पद्धतीतला खरा धोका इथे आहे, आणि निबंधात याला सगळ्यात जास्त जागा द्यावी असं मला वाटतं. अल्युमिना थकला तरी पाण्याची चव बदलत नाही, रंग बदलत नाही, धार कमी होत नाही. घरातली बाई रोज तितक्याच विश्वासाने त्या तोटीखाली हंडा धरते, आणि आत मात्र बोअरचंच पाणी येत असतं.

थर वरून खाली भरत जातो. आधी वरचे दाणे फ्लोराइडने भरतात, मग त्यांच्या खालचे. जोवर तळाचे दाणे मोकळे आहेत तोवर बाहेरच्या पाण्यात फ्लोराइड जवळजवळ नसतं. भरण्याची ही आघाडी तळाशी पोहोचली की काही दिवसांतच आकडा झपाट्याने चढतो. म्हणून पहिल्या महिन्यातले चांगले निकाल पाहून ‘फिल्टर मस्त चालतोय’ असं म्हणण्यात अर्थ नाही. आपल्या उदाहरणात 64 दिवसांचा अंदाज आहे, तर चाळिसाव्या दिवसापासून दर आठवड्याला तपासणी करावी आणि बाहेरचं पाणी 1 मिलिग्रॅमला पोहोचलं की थांबावं.

गावात तपासायला रंगाचा किट पुरतो. त्याचं द्रावण फ्लोराइड नसताना गुलाबी-लालसर राहतं आणि फ्लोराइड वाढलं की पिवळ्याकडे झुकतं. नमुना थेट धारेखालून घ्यावा, खालच्या भांड्यातून नाही. भांड्यात आधीचं चांगलं पाणी मिसळलेलं असल्याने आकडा कमी दिसतो. किटलाही एक मर्यादा आहे: पाण्यात ॲल्युमिनियम असेल तर ते फ्लोराइडला बांधून ठेवतं आणि रंगाच्या चाचणीत फ्लोराइड आहे त्याहून कमी दिसू शकतं. म्हणून अधूनमधून प्रयोगशाळेत फ्लोराइडच्या इलेक्ट्रोडने खात्री करून घ्यावी. त्या चाचणीत नमुन्यात जे बफर घालतात, ते बांधलेलं फ्लोराइड मोकळं करतं.

भिंतीवर एक कॅलेंडर ठेवून रोज ओतलेले हंडे खडूने किंवा पेनाने लिहिले तरी अर्धं काम होतं. लग्नकार्यात, पाहुणे असताना पाणी दुप्पट लागतं, आणि मग 64 दिवसांचे 45 होतात. दिवस नव्हे, लिटर मोजायचे.

थकलेल्या थरात दुसऱ्या बोअरचं, जास्त पीएचचं पाणी ओतलं तर धरलेलं फ्लोराइड सुटूनही येऊ शकतं. तेव्हा येणारं पाणी मूळ पाण्याहूनही वाईट असेल.

पुन्हा ताजा करणं

वर पाहिलेलं समीकरण उलटं फिरवायचं आहे, आणि त्यासाठी पीएच 12 च्या वर न्यायचा. 10 लिटर पाण्यात 100 ग्रॅम कॉस्टिक सोडा विरघळवला की एक टक्क्याचं द्रावण होतं. अल्युमिना नायलॉनच्या जाळीच्या पिशवीत भरून त्यात आठ तास बुडवून ठेवतात. मधूनमधून पिशवी वर उचलून पुन्हा सोडायची, म्हणजे आतल्या दाण्यांपर्यंत ताजं द्रावण पोहोचतं. हायड्रॉक्साइड फ्लोराइडच्या जागी बसतं आणि फ्लोराइड द्रावणात येतं. मग पिशवी साध्या पाण्याने नीट धुवायची.

एवढ्यावर थांबून चालत नाही. आता सगळ्या जागांवर हायड्रॉक्साइड आहे, आणि अशा पृष्ठभागाला फ्लोराइड धरता येत नाही. म्हणून दुसरी बुडी सौम्य सल्फ्युरिक आम्लात, 0.4 नॉर्मलच्या. 8 लिटर पाण्यात सुमारे 90 मिलिलिटर तीव्र आम्ल घातलं की तेवढं होतं. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीही नाही. आठ तासांनी पिशवी काढून, धुतलेल्या पाण्याचा पीएच 6.5 ते 8.5 मध्ये येईपर्यंत धुवायचं. भांड्यात परत भरल्यावर पहिलं पाणी फेकायचं आणि पीएच कागद लावूनच प्यायला सुरुवात करायची. आम्लाची पायरी गाळलेला अल्युमिना पहिल्याच दिवशी नापास होतो, आणि दोष ‘जुना झालेल्या’ दाण्यांना दिला जातो.

हे काम स्वयंपाकघरात करू नये. हातमोजे, चष्मा आणि मोकळी जागा लागते, शिवाय कॉस्टिक आणि आम्ल मुलांच्या हाती लागता कामा नयेत. गावात एखादी प्रशिक्षित व्यक्ती नेमून सगळ्या घरांच्या पिशव्या एका ठिकाणी ताज्या करणं हा माझ्या मते एकच व्यवहार्य मार्ग आहे. घराला तेवढ्यापुरती ताजी पिशवी बदलून द्यायची, म्हणजे खंड पडत नाही. प्रत्येक फेरीत थोडा अल्युमिना विरघळून आणि झिजून जातो, क्षमताही घटते, म्हणून दर फेरीचे लिटर लिहून ठेवावेत. पहिल्या फेरीला 1285 लिटर देणारा थर निम्म्यावर आला की तो बदलायचा.

सांडपाण्याचं काय

आपल्या घराच्या एका फेरीत 4500 मिलिग्रॅम फ्लोराइड कॉस्टिकच्या 10 लिटरमध्ये येतं, म्हणजे लिटरमागे 450 मिलिग्रॅमपर्यंत. बोअरच्या पाण्याच्या शंभरपटीहून जास्त. हे पाणी अंगणात ओतलं तर ते पुन्हा त्याच भूजलाकडे निघतं.

कॉस्टिकचं वापरलेलं द्रावण आणि आम्लाचं वापरलेलं द्रावण हळूहळू एकत्र करून पीएच 7 च्या जवळ आणलं की ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा पांढरा फुगीर गाळ बसतो आणि बरंच फ्लोराइड सोबत घेतो. वरच्या पाण्यात चुन्याची निवळी घातली तर कॅल्शियम फ्लोराइड खाली बसतं. तरी वरच्या पाण्यात लिटरमागे 8 ते 20 मिलिग्रॅम फ्लोराइड उरतंच, कारण कॅल्शियम फ्लोराइड थोडं विरघळलेलं राहतं. म्हणून ते पाणी प्लास्टिक अंथरलेल्या, पाझर नसलेल्या उथळ खड्ड्यात उन्हात वाळू द्यावं. त्या खड्ड्याला कुंपण हवं, नाहीतर गुरं तोंड लावतात. वाळलेला गाळ आणि कामातून गेलेला अल्युमिना सिमेंटच्या विटेत कोंडून टाकता येतो. शेतात किंवा विहिरीच्या आसपास टाकू नये.

नागपूरच्या नीरी संस्थेने विकसित केलेली नालगोंडा पद्धत, म्हणजे तुरटी आणि चुना घालून गाळ बसवणं, हिच्याशी तुलना निबंधात येणारच. तिथे सुरुवातीचा खर्च कमी, पण मात्रा रोज मोजावी लागते आणि गाळ रोज काढावा लागतो. अल्युमिनात रोजचं काम फक्त पाणी ओतणं, पण दोन महिन्यांनी जाणकार माणूस हवाच. गावात तो माणूस मिळणार नसेल तर अल्युमिना बसवू नये. त्यापेक्षा उथळ विहिरीचं पाणी तपासून पिण्यासाठी राखून ठेवावं किंवा छतावरचं पावसाचं पाणी टाकीत साठवावं. पाच माणसांच्या घराला रोज 20 लिटरप्रमाणे आठ महिन्यांसाठी 4800 लिटरची टाकी पुरते.